अठरा मजले, एक शाफ्ट आणि छोटा पंप : गरम पाण्याच्या रिटर्न लाइनच्या नोंदी

५ जानेवारी

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो. बिल्डिंग अठरा मजल्यांची. गच्चीवर हीट पंप आणि गरम पाण्याची बंद टाकी, टाकीत पाणी ५८ ते ६० अंशाला. तिथून गरम पाण्याची लाइन गच्चीवर १० मीटर आडवी जाते आणि मग शाफ्टमधून सरळ खाली पहिल्या मजल्यापर्यंत. या शाफ्टवर दर मजल्याला एक फ्लॅट. लाइन पहिल्या मजल्यावर संपते, तिथून पाणी परत यायची सोय नाही. ती सोय करायची, म्हणजे तिथून रिटर्न पाइप टाकीपर्यंत नेऊन छोट्या पंपाने गरम पाणी फिरतं ठेवायचं, हेच काम. म्हणजे कोणी नळ उघडला नाही तर पाणी पाइपात उभं राहतं आणि गार होतं, मग जो पहिला नळ उघडतो त्याने सगळं गार पाणी ओतून द्यायचं.

आज पहाटे पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे बादली आणि घड्याळ घेऊन बसलो. मिनिटाला ८ लिटर सोडलं तर पाणी ४० अंशाला यायला साडेसात मिनिटं लागली, म्हणजे ६० लिटर मोरीत. काकू म्हणाल्या मी तर रोज दोन बादल्या बाजूला भरून ठेवते, झाडांना आणि फरशीला, पण तिसरी बादली कुठे ठेवू ते सांग. १७व्या मजल्यावर हेच माप २० लिटरच्या आसपास आलं.

काकूंनी मध्यंतरी पाणी वाचवायचा शॉवर बसवून घेतलाय, मिनिटाला ५ लिटरचा. त्याने हे नुकसान एक थेंबही कमी होत नाही, फक्त बारा मिनिटं उभं राहावं लागतं. पाइपात जेवढं गार पाणी आहे तेवढं बाहेर यायलाच हवं, हळू या नाहीतर जोरात.

७ जानेवारी

पाइपातलं पाणी मोजलं. आतला व्यास ४० मिमी असेल तर मीटरला सव्वा लिटर, ३२ ला ०.८ आणि २५ ला अर्धा लिटर पाणी मावतं. गच्चीवरचे १० मीटर ४० चे, वरचे नऊ मजले म्हणजे २७ मीटर ३२ चे, खालचे २७ मीटर २५ चे. सगळं मिळून साधारण ४८ लिटर, शिवाय फ्लॅटमधल्या पाइपातलं दीड लिटर. बादलीत ६० आले कारण मागून येणारं गरम पाणी थंड पाइप तापवत येतं आणि वाटेत गारात मिसळतं, त्यामुळे पाइपातल्या पाण्यापेक्षा वीसेक टक्के जास्त जातंच.

आता किती वाचेल हा प्रश्न. कमिटीतल्या एकाने लगेच हिशोब मांडला की अठरा फ्लॅट गुणिले ६० गुणिले दिवसातून दोनदा, दोन हजार लिटर वाचणार. असं होत नाही. पाइप सगळ्यांचा एकच आहे, सकाळी सहाला कोणी तरी गार पाणी काढलं की मागच्याला गरम मिळतं, आणि वरच्या मजल्यावाल्याने काढलं तर फक्त त्याच्यापर्यंतचाच तुकडा गरम होतो, खालचा तसाच गार. म्हणून अंदाजाने बोलायचंच नाही असं ठरवलं. गरम टाकीला जी थंड पाण्याची लाइन येते तिच्यावर मीटर आहे, गरम नळातून जे जे बाहेर जातं ते सगळं तिथे मोजलं जातं, त्यात हे वाया जाणारंही आलं. आजपासून रोज रात्री रीडिंग लिहायचं काम वॉचमनला दिलं.

पाइप सध्या उघडा आहे, एक फूटही इन्सुलेशन नाही. असा पाइप ५८ वरून ४० अंशाला यायला पाऊण तास पुरतो. म्हणजे आठला अंघोळ झाली आणि नऊला दुसरा गेला तर परत पहिल्यापासून.

१० जानेवारी

पंप ठरवला. इथे सगळ्यात जास्त वाद झाला म्हणून सविस्तर लिहितो.

मिस्त्री म्हणाले साहेब, अठरा मजले पाणी वर चढवायचंय, एक एचपी तरी लागेल. सहज वाटतं तसं, पण इथे पाणी वर चढवायचंच नाहीये, फक्त फिरवायचंय. रिटर्न पाइप पहिल्या मजल्यावर मेन लाइनच्या शेवटाला जोडायचा आणि गच्चीवर परत टाकीत न्यायचा, सगळं पाइप पाण्याने भरलेलं आणि बंद. खाली जाणाऱ्या पाइपातलं ५४ मीटर पाणी आणि वर येणाऱ्या पाइपातलं ५४ मीटर पाणी एकमेकांना तोलून धरतात, कप्पीवरच्या दोरीला दोन्हीकडे सारखं वजन बांधल्यावर कशी बोटाने हलते तसं. पंपाने फक्त पाइपातलं घर्षण भागवायचं.

आणि पाणी किती फिरवायचं? तर लोक किती पाणी वापरतात याच्याशी त्याचा संबंधच नाही. पाइपातून जेवढी उष्णता बाहेर जाते तेवढी परत पोचवायची, बस. इन्सुलेशन करून जाणाऱ्या लाइनची मीटरला ९ वॅट आणि रिटर्नची मीटरला साधारण ७ वॅट उष्णता जाईल. दोन्ही ६४-६४ मीटर, म्हणजे सगळं मिळून १००० वॅट. टाकीतून ५८ ला निघालेलं पाणी परत येताना ५२ ला यावं, म्हणजे ६ अंश घसरण चालेल असं धरलं:

```
प्रवाह = १००० / (४१८६ × ६) = ०.०४ किलो/सेकंद = मिनिटाला २.४ लिटर
```

मिनिटाला अडीच लिटर पण नाही. अठरा फ्लॅटच्या शाफ्टला. एवढ्या प्रवाहाला १७ मिमी आतल्या व्यासाचा रिटर्न पाइप पुरतो, त्यात पाण्याचा वेग सेकंदाला १८ सेंमीच राहतो, आणि घर्षण, वाकणं, व्हॉल्व्ह सगळं धरून हेड, म्हणजे पंपाला लावावा लागणारा दाब पाण्याच्या उंचीत मोजलेला, येतं मीटरभर.

एक बारीक गोष्ट मात्र आहे. टाकी वर असल्याने गरम पाणी खाली ढकलायचं आणि गार वर ओढायचं, म्हणजे निसर्गाच्या उलट. पहिल्यांदा चालू करताना जाणारा पाइप ५८ अंशाचा आणि रिटर्न अजून २७ अंशाचा असेल तेव्हा गार पाणी जड असल्यामुळे ५४ मीटर उंचीत पाऊण मीटरच्या आसपास हेड उलटं ढकलतं. रिटर्न तापला की ते जवळपास नाहीसं होतं. पंप अगदी एक मीटरचा काठोकाठ घेतला असता तर तो सुरुवातीलाच अडकून बसला असता. म्हणून ४ मीटर हेडवाला घेतला, चालताना २०-२५ वॅट खाणारा.

बॉडी स्टेनलेस स्टीलची, ब्राँझची पण चालते. कास्ट आयर्नचा स्वस्त मिळत होता, तो नको म्हणलं. तो अशा बंद हीटिंगसाठी असतो जिथे तेच तेच पाणी फिरतं आणि त्यातला ऑक्सिजन संपून जातो. आपल्याकडे दर वेळी ताजं पाणी येतं, कास्ट आयर्न गंजणार आणि लाल पाणी नळाला येणार.

१४ जानेवारी

शाफ्टची दारं एकेक करून उघडून बघितली आणि नवव्या मजल्याच्या वर जे भेटलं त्याने सगळा प्लॅन बदलला. मेन गरम लाइनवरच प्रेशर रिड्युसिंग व्हॉल्व्ह, म्हणजे पीआरव्ही. शेजारी थंड लाइनवर पण तसाच.

बसवणाऱ्याचं बरोबर होतं. वरच्या थंड पाण्याच्या टाकीतली पातळी गच्चीपासून ४ मीटर वर, म्हणजे पहिल्या मजल्याला ५८ मीटरचा दाब, ५.७ बार. एवढ्यात नळ टिकत नाहीत. म्हणून नवव्याच्या वर जिथे ३ बार येतो तिथे तो १.२ वर आणलाय, मग तळाला ३.८ च होतो.

पण रिटर्नच्या दृष्टीने हा व्हॉल्व्ह म्हणजे दोरीच्या एका बाजूचं वजनच काढून घेतलंय. खाली जाताना त्याने जवळजवळ १९ मीटरचा दाब मारून टाकला, आणि परतीचं पाणी मात्र पूर्ण दाबाच्या टाकीत घुसवायचंय. म्हणजे पंपाला ते १९ मीटर स्वतः भरून काढायला लागणार. ४ मीटरचा पंप कितीही फिरला तरी प्रवाह शून्य. उंच बिल्डिंगमध्ये रिटर्न लाइन टाकली, पंप चालू आहे, आवाज पण येतोय, तरी खालच्यांना गार पाणी, असं जिथे दिसेल तिथे पहिल्यांदा लाइनवर पीआरव्ही आहे का ते शोधायचं.

मिस्त्रींचं म्हणणं की मग पंपच मोठा टाकू. टाकता येतो, पण पंपाने २० मीटर चढवायचं आणि व्हॉल्व्हने तेच २० मीटर मारायचं, चोवीस तास, हे मला पटेना. दुसरा रस्ता असा की खालच्या नऊ मजल्यांची फेरी वेगळी करायची, त्यात छोटा इलेक्ट्रिक हीटर बसवायचा आणि पाणी पीआरव्हीच्या खालीच फिरवायचं. खूप उंच टॉवरमध्ये हे करतात आणि तिथे दुसरा इलाजही नसतो. आपल्या बिल्डिंगमध्ये शाफ्टमध्ये हीटर, त्याची वायर, त्याची देखभाल, एवढं करायची गरज नाही.

ठरलं ते असं की मेन लाइनवरचे दोन्ही पीआरव्ही काढायचे आणि खालच्या नऊ फ्लॅटना मेनमधून जो फाटा जातो तिथे छोटे पीआरव्ही बसवायचे, फेरीच्या बाहेर. तिथे पाणी फक्त फ्लॅटकडेच जातं, परत यायचा प्रश्न नाही. दोन अटी. एक, गरम फाट्यावरचा व्हॉल्व्ह गरम पाण्याचाच हवा, ८० अंशाचा, साधा घेतला तर आतलं रबर लवकर जातं. दोन, गरम आणि थंड दोन्हीकडे सारखाच दाब सेट करायचा, २.५ बार, नाहीतर मिक्सर नीट चालणार नाही.

पाइपाला ५.७ बार झेपतील का हे पण बघितलं. आपला सीपीव्हीसी पाइप एसडीआर ११ जाडीचा आहे, तो ८२ अंशाला ६.९ बारपर्यंत चालतो, आपण ५८ ला आहोत. सांधे मात्र जुने आहेत म्हणून पाणी चालू करण्याआधी प्रेशर टेस्ट घेणार.

२८ जानेवारी

पीआरव्ही बदलून झाले, प्रेशर टेस्टमध्ये एक जुना सांधा चौथ्या मजल्यावर पाझरला, तो बदलला.

रिटर्न पाइप चढवायला घेतला. मिस्त्री सरळ वरपर्यंत नेत होते, थांबवलं. सीपीव्हीसी गरम झाला की लांब होतो, मीटरला प्रत्येक अंशामागे ०.०६ मिमीच्या थोडं वर. ऐकायला काहीच नाही, पण ५४ मीटर पाइप २७ वरून ५२ ला गेला की साडेआठ सेंमी वाढतो. क्लॅम्पने दर मजल्याला आवळून टाकला तर ती लांबी कुठे तरी वाकून किंवा सांधा तोडून बाहेर येणार. म्हणून दर तीन मजल्यांनी पाइप आडवा काढून परत सरळ केलाय, प्रत्येक तुकड्याला मध्ये एकच घट्ट क्लॅम्प, बाकीच्यात पाइप सरकेल एवढी जागा.

इन्सुलेशन जाणाऱ्या लाइनला १९ मिमी नायट्राइल, रिटर्नला १३ मिमी. क्लॅम्पच्या जागी आणि व्हॉल्व्हभोवती नेहमी उघडं सोडतात, तिथे पण तुकडे कापून चिकटवून घेतले. उघडा पाइप ठेवला असता तर १००० ऐवजी ३००० वॅट गेले असते, पाणी तिप्पट फिरवावं लागलं असतं आणि हीट पंप नुसता शाफ्ट तापवत बसला असता.

४ फेब्रुवारी

पंप जोडला. रिटर्न वर आल्यावर आधी एअर व्हेंट, मग पंप, मग नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, मग बॅलन्सिंग व्हॉल्व्ह आणि मग टाकीच्या थंड इनलेटला जोड.

नॉन-रिटर्न वगळला तर काय होतं ते सांगून ठेवतो, कारण हा छोटा तुकडा लोक खर्चात कापतात. नळ उघडला की पाण्याला दोन वाटा असतात, टाकीच्या वरून गरम पाइपातून येणं किंवा टाकीच्या थंड इनलेटपासून उलटं रिटर्नमधून खाली येणं. व्हॉल्व्ह नसला तर दोन्हीकडून येतं आणि गरम नळाला कोमट पाणी मिळतं. ओळखायचं सोपं आहे, सकाळी वापर वाढला की रिटर्न पाइप हाताला एकदम गार लागायला लागतो.

खालून हळूहळू पाणी भरलं, हवा वरच्या व्हेंटमधून बाहेर. तरी चालू केल्यावर पंपात खरखर. पंप गच्चीवर आहे, तिथे वरचा दाब फक्त ४ मीटरचा, त्यामुळे उरलेली सगळी हवा तिथेच येऊन अडकते. पंप बंद करून व्हेंटला वेळ दिला, परत चालू, असं काही वेळ केल्यावर आवाज गेला. मग बॅलन्सिंग व्हॉल्व्हने प्रवाह २.४ लिटरवर आणला, पंपाच्या डिस्प्लेवर २२ वॅट.

९ फेब्रुवारी

रिटर्नला ५२ यायला हवं होतं, येतंय ४५. पंप ठीक, व्हेंट ठीक, टाकीत ५८.

रात्री वापर नसताना क्लिपवाला थर्मामीटर घेऊन वरून खाली आलो, दर मजल्याला इन्सुलेशनच्या फटीतून पाइपाला लावून. १८ला ५७.५, त्याच्या खाली थोडं थोडं कमी, १५ला ५७, आणि १४च्या फाट्याच्या खाली एकदम ५०. पाइपातून उष्णता गेली तर तापमान हळूहळू उतरतं, अशी पायरी पडत नाही. पायरी म्हणजे तिथे थंड पाणी आत घुसतंय.

१४व्या मजल्यावर गेलो. बाथरूममध्ये मिक्सरला हँड शॉवर, त्याच्या टोकाला बोटाने बंद करायचं बटण. ते लोक मिक्सरच्या दोन्ही चाव्या कायम उघड्या ठेवतात आणि पाणी फक्त बटणाने बंद करतात. टोक बंद आणि दोन्ही चाव्या उघड्या म्हणजे आत गरम आणि थंड लाइन एकमेकांना जोडलेल्या. थंड पाण्याचा स्तंभ जड असल्याने तिथे थंडाचा दाब कायम थोडा वरचढ राहतो, आणि आता गरम लाइन फिरती असल्याने घुसलेलं पाणी पुढे जायला वाट पण मिळते. दोन्ही चाव्या बंद करायला लावल्या, रात्रीतच रिटर्न ५२ वर आलं.

सांगून लोक लक्षात ठेवतील यावर मी विसंबत नाही. अशा सगळ्या मिक्सरच्या दोन्ही इनलेटला छोटे नॉन-रिटर्न कार्ट्रिज बसवायचं काम मिस्त्रींना दिलं. खालच्या नऊ मजल्यांचं पाणी फाट्यावरच्या पीआरव्हीच्या पलीकडे कमी दाबाला असतं, ते उलटं मेनमध्ये घुसू शकत नाही, म्हणून आधी वरचे नऊ.

१६ फेब्रुवारी

टायमरवर परत चर्चा. कमिटीला पंप फक्त सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी दोन तास चालवायचाय, वीज वाचेल म्हणून. पंप दिवसाला अर्धा युनिट खातो, त्यात वाचवायला काहीच नाही. आणि दिवसभर कोमट उभं राहणारं पाणी म्हणजे न्यूमोनिया करणाऱ्या लिजिओनेला बॅक्टेरियाला आयती जागा, ते २० ते ४५ अंशात वाढतात. म्हणून टाकी ६० च्या जवळ आणि रिटर्न ५० च्या वर ठेवायचं. जर्मनीच्या डीव्हीजीडब्ल्यू डब्ल्यू ५५१ या नियमात तर फिरवणं दिवसात ८ तासांपेक्षा जास्त बंद ठेवू नका असंच आहे.

शेवटी रात्री १ ते ४.३० बंद. साडेचारला चालू झाला की पाइपातलं ४८ लिटर पाणी मिनिटाला २.४ ने सरकायला वीस मिनिटं लागतात, पाचच्या आत काकूंच्या फाट्यापर्यंत गरम पाणी हजर.

१० मार्च

मीटरचे आकडे. काम सुरू होण्याआधी रोजची सरासरी २६२० लिटर, आता २१८०. म्हणजे या एका शाफ्टवर दिवसाला ४४० लिटर वाचतायत, फ्लॅटमागे चोवीसच्या आसपास. दोन हजार नाही, पण हे मीटरवरचं आहे. यात थोडा वाटा इन्सुलेशनचा आहे, तो वेगळा काढता येणार नाही.

काकूंकडे परत बादली लावली. आता दोन लिटरच्या आत गरम येतं, हे फाट्यापासून नळापर्यंतच्या पाइपातलं. तेवढं राहणारच, फेरी फक्त शाफ्टपर्यंत आहे.

विजेचं काय, तर बघा. दिवसभर पाइपातून जाणारी उष्णता साधारण २२ युनिट. पण आधी जे ४४० लिटर ओतलं जात होतं ते सुद्धा टाकीत २७ वरून ५८ ला तापवलेलंच पाणी होतं, पाइपात गार झालं एवढंच. ती उष्णता १६ युनिट. म्हणजे खरी वाढ ६ युनिट उष्णतेची, आणि हीट पंप एक युनिट विजेत तीन युनिट उष्णता देतो म्हणून वीज २ युनिट, अधिक पंपाचा अर्धा. अडीच युनिट विजेत ४४० लिटर पाणी. साध्या गीझरवर असतं तर वाढ साडेसहाची झाली असती, आणि पाइप उघडा असता तर मी हे काम करा असं म्हणालोच नसतो.

२२ मार्च

बिल्डिंगच्या मागच्या बाजूला जो दुसरा शाफ्ट आहे त्याचं काम पुढच्या आठवड्यात. तो टाकीपासून लांब आहे, गच्चीवर २६ मीटर आडवा, आणि त्याचा रिटर्न याच पंपाला येऊन मिळणार. दोन फेऱ्या एका पंपावर आल्या की पाणी जवळच्या, सोप्या फेरीतूनच पळतं आणि लांबची गार राहते, म्हणून प्रत्येक रिटर्नला स्वतंत्र बॅलन्सिंग व्हॉल्व्ह आणि त्याच्या मागे एक थर्मामीटर. जवळच्याचा व्हॉल्व्ह दाबत जायचा, दोन्हीकडे ५२ दिसेपर्यंत, आणि प्रत्येक वेळी व्हॉल्व्ह हलवल्यावर निदान तासभर थांबायचं, नाहीतर आकडा स्थिर व्हायच्या आधीच परत फिरवला जातो. पंप तोच पुरतोय, दोन्ही मिळून मिनिटाला साडेपाच लिटरच्या आसपास होतील. त्या शाफ्टमधले पीआरव्ही कुठे आहेत ते मिस्त्रींनी कालच बघून ठेवलंय, तिथे पण नवव्याच्या वरच.